आजीचा एक पाय गरम आहे

मावशींनी ही गोष्ट मला गंमत म्हणून सांगितली. पाडव्याला नात पाया पडायला वाकली, दोन्ही हात दोन्ही पावलांवर ठेवले आणि तशीच वाकलेली राहून म्हणाली, "आजी, तुझा एक पाय गरम आहे." घरात हशा पिकला. मुलगा म्हणाला, आईला ताप पायातून येतोय. सून म्हणाली, सकाळपासून शेगडीसमोर उभ्या आहेत, गरम नाही तर काय होणार? मग श्रीखंड वाढलं गेलं आणि विषय संपला. मावशी हे सांगत होत्या तेव्हा मी त्यांच्या उजव्या पावलाभोवती पेन्सिल फिरवत होतो. त्या आल्या होत्या चप्पल सैल करून घ्यायला. "भाऊ, उजवी घट्ट होतेय. पट्टा जरा वाढवून द्या, दुसरं काही नाही."

ठाण्यात, नौपाड्यातल्या एका गल्लीत माझी छोटी कार्यशाळा आहे. मधुमेहाच्या, कुष्ठरोगाच्या, पोलिओच्या पायांसाठी चपला, इनसोल, कॅलिपर असं काहीबाही बनवतो. एमसीआर नावाच्या मऊ रबराच्या शीटा, सोल्यूशनचा डोक्यात जाणारा वास, घासाईच्या मशीनची उडणारी पूड. मावशींचं पोळी-भाजी केंद्र इथून चालत पाच मिनिटांवर. दोन वर्षांपूर्वी त्यांच्या डॉक्टरांनी पायाची संवेदना तपासली होती. तळव्याला टेकवायचा तो नायलॉनचा तंतू वाकेपर्यंत दाबला तरी मावशींना कळत नव्हता. तेव्हापासून त्या माझ्याकडच्या मऊ तळाच्या चपला वापरतात. साखर अठरा-वीस वर्षांची जुनी. पूर्वी रात्री पायात मुंग्या यायच्या, आग व्हायची. मग ते सगळं थांबलं आणि मावशींना वाटलं की बरं झालं. हा समज मला माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी लोकांत दिसतो. मुंग्या थांबतात तेव्हा नस सुधारलेलीच असते असं नाही. पुष्कळदा ती पुरती मुकी झालेली असते.

मी प्रत्येकाच्या पावलाचा कागद जपून ठेवतो. मावशींचा जुना कागद काढून नव्यावर ठेवला, खिडकीशी धरला. डावं पाऊल रेघेला रेघ जुळलं. उजवं मधल्या भागात, आतल्या बाजूला, चांगलं बोटभर रुंद झालं होतं. बोटांची जागा तीच, टाच तीच, फक्त कंबर गेली होती. मग शाईच्या चटईवर उभं केलं. डाव्या ठशात मधली कमान कोरी उमटली. उजव्या ठशात तिथे फिकट का होईना, पण शाई होती. जन्मतः सपाट पाय असणारे खूप असतात, त्यात काही विशेष नाही. पण साठी ओलांडलेल्या बाईचा एकच पाय, काही आठवड्यांत सपाट होऊ लागतो, ही वेगळी गोष्ट आहे.

आणि वर तो नातीचा शेरा.

मी त्यांना बाकावर बसवलं, दोन्ही पाय उघडे, पंख्याच्या थेट झोताबाहेर. दहा मिनिटं तसंच बसायला सांगितलं, कारण उन्हातून चालत आलेल्या माणसाचे दोन्ही पाय तापलेलेच असतात. तेवढ्यात गेल्या दोन महिन्यांची हकीकत कळली. फेब्रुवारीत कधीतरी टीएमटीच्या बसमधून उतरताना पाऊल मुरगळलं होतं. पडल्या नाहीत, दुखलं नाही, त्याच पायाने जांभळी नाक्याला जाऊन भाजी घेतली. आठ-दहा दिवसांनी सूज. घराजवळच्या डॉक्टरांनी लालसरपणा बघून त्वचेखालचा जंतुसंसर्ग धरला, अँटिबायोटिक दिलं आणि पाय वर करून झोपायला सांगितलं. सूज उतरली. मावशी उभ्या राहिल्या, सूज आली. पुन्हा दुसरं अँटिबायोटिक, पुन्हा पाय वर, पुन्हा उतरली. मग युरिक अॅसिड तपासलं, ते किंचित जास्त निघालं म्हणून वातरक्ताची गोळी सुरू झाली. पोटरीच्या शिरेत गुठळी आहे का म्हणून डॉपलर झालं, ते चांगलं. एक्स-रे काढला, त्यावर 'हाडे व्यवस्थित' असा शेरा. प्रत्येक तपासणी वेगळी बघितली तर कुणी काही वावगं केलं असं म्हणता येत नाही. सगळी मिळून मात्र मावशी त्या पायावर चालत राहिल्या. मला त्यात सगळ्यात बोचतो तो अँटिबायोटिकचा योगायोग. सूज खरं तर पाय वर ठेवल्याने उतरत होती आणि श्रेय गोळीला जात होतं. विश्रांतीने उतरणारी आणि चालल्यावर परत येणारी सूज स्वतःच एक उत्तर देत असते, पण दोन्ही उपाय एकाच चिठ्ठीवर असले की ते उत्तर ऐकू येत नाही.

दहा मिनिटांनी हाताची मागची बाजू आधी डाव्या पावलावर ठेवली, मग उजव्यावर. फरक लपण्यासारखा नव्हता. तरी आकडा हवा म्हणून इन्फ्रारेड थर्मामीटर काढला, करोनात दुकानांच्या दारात कपाळावर रोखायचे ना, तसाच. एक खबरदारी सांगतो: त्याला कपाळाचा मोड असतो, तो आतल्या आत हिशेब करून शरीराचा ताप दाखवतो. पायासाठी तो बदलून पृष्ठभागाचा मोड लावावा लागतो, नाहीतर आकड्यांना अर्थ उरत नाही. दोन्ही पावलांवर नेमक्या त्याच जागा घ्यायच्या. पावलाच्या वरच्या बाजूला, मध्यावर, डावीकडे ३१.९ आणि उजवीकडे ३५.१. तीन अंशांहून जास्त तफावत. बधिर पाय, जखम नाही आणि दोन पायांत दोन अंश सेल्सियसहून जास्त फरक, एवढं जमलं की पायाचे डॉक्टर कान टवकारतात. त्या एका आकड्यावर निदान होत नाही, आणि दोन्ही पाय एकदम बिघडले असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी असेल तर हा फरक फसवूही शकतो. पण मावशींच्या पायाच्या वरची नाडी तर बोटाला उसळून लागत होती.

ही नाडी बरेचदा घोटाळा करते. "रक्तप्रवाह उत्तम आहे" हे वाक्य ऐकून घरचे निर्धास्त होतात. पण या आजारात रक्तप्रवाह अनेकदा उत्तमच असतो. मधुमेहात दुखणं कळवणाऱ्या नसा जातात, तशा रक्तवाहिन्या आवळून धरणाऱ्या बारीक नसाही जातात. वाहिन्या सैल पडतात, पायात रक्त भरपूर खेळतं. त्यातच एखादा मुरगळा, एखादी सूक्ष्म भेग पडते. तुम्ही-आम्ही लंगडलो असतो, चार दिवस पाय टेकवला नसता आणि हाड सांधलं असतं. बधिर पायाला लंगडणं ठाऊकच नसतं. तो पूर्ण वजनाने चालत राहतो, दाह विझत नाही, आणि हा दाह हाडं विरघळवणाऱ्या पेशींना चेतवतो. हाड मऊ होतं, पुढच्या पावलाला आणखी मोडतं, त्याने दाह आणखी वाढतो. मधल्या पायाचे सांधे निखळू लागतात आणि कमान खाली बसते.

याला शार्को फूट म्हणतात. पॅरिसच्या शार्को नावाच्या मेंदूविकारतज्ज्ञाने १८६८ साली सांध्यांचा असा नाश वर्णिला, तो उपदंशाने मज्जारज्जू खराब झालेल्या रुग्णांत. मधुमेहाशी त्याचं नातं जोडलं गेलं ते १९३६ मध्ये. आपल्या देशात बधिर पायाचं शास्त्र उभं राहिलं ते कुष्ठरोग्यांच्या पायांवर. वेल्लोरला पॉल ब्रँड यांनी त्या पायांवर काम करताना लावून धरलं की बोटं झडतात ती रोगाने कुजून नव्हे, तर दुखत नाही म्हणून झालेल्या इजांनी. माझ्या धंद्यातली एमसीआर चप्पलही त्याच परंपरेतली. कुष्ठरोगाच्या वसाहतींत दिसायची ती आता मधुमेहाच्या दवाखान्यांत दिसते. काही गिऱ्हाइकं ती बघून आजही नाक मुरडतात. "ती तसली चप्पल नको."

मावशींचा पाय मी स्टुलावर उशी ठेवून वर उचलून ठेवला. आणखी दहाएक मिनिटं. लाली हळूहळू फिकी झाली. जंतुसंसर्गाची लाली सहसा अशी पाय वर केल्याने ओसरत नाही. दवाखान्यात वापरतात ती साधी युक्ती आहे, पुरावा नाही. पण बाकीच्या गोष्टी तिच्याशी जुळत होत्या. ताप नव्हता, साखर अचानक चढलेली नव्हती, आणि मुख्य म्हणजे बोटांच्या बेचक्यांपासून टाचेपर्यंत टॉर्च लावून बघितलं तरी कातडी कुठे फाटलेली नव्हती. मधुमेही पायाच्या हाडापर्यंत जंतू पोहोचतात ते जवळजवळ नेहमी एखाद्या जखमेतून. दारच उघडं नसेल तर चोर आत कसा आला, हे विचारायला हवं. उलट जखम असती, ताप असता, तर मी थर्मामीटर काढत बसलो नसतो. तो पाय त्याच दिवशी हॉस्पिटलात जायला हवा असतो.

"दुखतं का?" मी विचारलं. "छे, संध्याकाळी जरासा ठणकतो. दुखत असतं तर आले नसते का डॉक्टरकडे नीट?" असं म्हणून त्या हसल्या. हे जरासं ठणकणं महत्त्वाचं आहे. शार्को पूर्ण वेदनारहित असतो असं सांगितलं जातं आणि मग थोडं दुखलं की लोक म्हणतात, म्हणजे हे ते नाही. अनेकांना थोडं दुखतं. मोडलेल्या हाडांच्या मानाने ते दुखणं फारच कमी असतं, इतकंच.

मला त्या वेळी कळव्याचे एक रिक्षावाले काका आठवत होते. ते माझ्याकडे आले तेव्हा सगळं घडून थंड झालेलं होतं. गरमी गेलेली, सूज गेलेली, पाऊल मात्र होडीच्या तळासारखं बाहेर फुगलेलं. जिथे कमान असायची तिथलं हाड सगळ्यात खाली आलेलं आणि नेमकं त्याच्याखाली रुपयाएवढं कुरूप, त्याच्या आत जखम. मी किती इनसोल बनवले, किती कोरले, काही काळ जखम भरायची, पुन्हा उघडायची. शेवटी जंतू हाडात शिरले आणि पाय गुडघ्याखाली गेला. त्यांनाही सुरुवातीला "मुरगळलाय" असंच सांगितलं होतं म्हणे. त्यांच्या सुरुवातीच्या काळातला पाय मी कधी बघितला नाही. माझ्यासारख्याकडे बहुतेक पाय शेवटच्या अंकातच येतात, आणि म्हणून मावशींचा गरम पाय हातात धरताना मला भीती आणि विचित्र असा आनंद दोन्ही वाटत होतं. अजून ठसा फिकट होता.

मी चप्पल सैल करून दिली नाही. एका ओळखीच्या पायाच्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली: बधिर पाय, जखम नाही, तफावत ३.२ अंश, कमान बसतेय, दोन्ही ठसे सोबत. मुलाला फोन करून रिक्षा मागवली आणि मावशींना सांगितलं, इथून पुढे हा पाय जमिनीला टेकवायचा नाही, दारापर्यंतसुद्धा नाही. त्या माझ्याकडे खुळ्यासारख्या बघत राहिल्या. पट्टा वाढवायला आलेल्या बाईला मी चालायला बंदी केली होती. "भाऊ, संध्याकाळच्या पोळ्या कोण लाटणार?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

डॉक्टरांनी एक्स-रे पुन्हा काढला, पण उभं करून, दोन्ही पायांचा, शेजारी शेजारी. आधीचा झोपवून काढलेला होता. वजन पडल्यावर उजव्या पायात अंगठ्यामागचं लांब हाड आणि त्याच्या शेजारचं हाड यांच्या मुळाशी छोटीशी फट उघडलेली दिसली. डाव्या पायात नव्हती. आडवं झोपल्यावर ती फट मिटत असावी. मग एमआरआयमध्ये मधल्या पायाच्या हाडांच्या आत पाणी धरल्यासारखी सूज आणि बारीक भेगा निघाल्या. रक्तात जंतुसंसर्ग सुचवणारं काही नव्हतं. आजाराच्या अगदी आरंभी एक्स-रे पूर्ण कोरा असू शकतो, आणि तेव्हाच तर पाय वाचवायची सगळ्यात चांगली संधी असते. डॉक्टर म्हणाले की एमआरआयला वेळ लागला असता तरी प्लास्टर आजच घातलं असतं. संशय खोटा ठरला तर चार-आठ दिवसांचं प्लास्टर फुकट जातं, खरा ठरला आणि थांबलो तर कमान जाते. हा हिशेब मला पटला.

प्लास्टर गुडघ्यापर्यंतचं, आत कापूस अगदी पातळ, पायाला सगळीकडून चिकटून बसणारं, म्हणजे भार फक्त तळव्यावर न येता पोटरीभर विभागला जातो. ते काढता येत नाही, हाच त्याचा गुण. काढता येणारे उंच बूटही मिळतात, पण घरात कोण घालतं ते? दुखत नसलेल्या पायाला बंधन पाळायचं कारणच उमजत नाही. पहिलं प्लास्टर तीन दिवसांतच बदललं, कारण सूज उतरून ते आत सैल झालं होतं आणि बधिर पायाला सैल प्लास्टर घासलं तर नवी जखम. नंतर दर आठवड्याला, मग पंधरवड्याला. प्रत्येक वेळी प्लास्टर कापलं की थोडं थांबून दोन्ही पायांचं तापमान. माझं काम एवढंच की डाव्या चपलेचा तळ प्लास्टरच्या उंचीइतका वाढवून दिला, नाहीतर कंबर वाकडी होते. आणि डाव्या पायावरही लक्ष ठेवायला सांगितलं, कारण सगळा भार आता त्याच्यावर होता आणि तोही तितकाच बधिर होता.

पावसाळा प्लास्टरमध्ये गेला. ठाण्याचा पावसाळा, दमट घर, प्लास्टिकची पिशवी बांधून अंघोळ, आतून येणारा कुबट वास. मावशी चिडायच्या, रडायच्या, एकदा तर सुरीने कापायला निघाल्या होत्या असं सून सांगत होती. मी भेटायला गेलो की माझ्यावरच राग. "दुखत नव्हतं तेव्हा बरी होते, तुम्ही आजारी केलंत." मला तो राग खोटा वाटत नव्हता. आपण माणसाला सांगतो की तुझा पाय मोडतोय, आणि त्याच्या शरीरात त्याला दुजोरा देणारं काहीच नसतं. साखरही त्यांची तेव्हा बऱ्यापैकी ताब्यात होती. नीट पथ्य पाळून हे बक्षीस मिळालं, असं त्या म्हणायच्या, आणि वीस वर्षांपूर्वीपासून झिजलेल्या नसा आजची साखर बघून परत येत नाहीत, हे त्यांना त्या क्षणी सांगणं मला क्रूर वाटलं. गप्प बसलो.

केंद्रात कट्टा खाली करून घेतला, मावशी खुर्चीत बसून कणीक मळायच्या, पोळ्या सून लाटायची. गणपतीत उकडीच्या मोदकांची मागणी अर्ध्यावर सोडावी लागली. तफावत तीनवरून दोनवर आली, मग मध्येच अडीच झाली. चौकशी केल्यावर कळलं, रात्री सगळे झोपल्यावर माडीवर जाऊन पापड आत आणले होते. मोजमापाचा मला आवडलेला भाग हाच आहे. पाय स्वतः तक्रार करत नाही, पण त्याची गरमी बरोबर चहाडी करते. दिवाळीनंतर तफावत एका अंशाच्या आत आली, तशीच टिकली, उभ्या एक्स-रेमध्ये फट वाढलेली नव्हती आणि हाडं जुळत होती. तेव्हा प्लास्टर सुटलं. लगेच मोकळं चालणं नाहीच. आधी काढता येणारा बूट, मग मी साच्यावर बनवलेला इनसोल घातलेले बंद जोडे, तेही पहिल्या दिवसांत घरातल्या घरात, रोज थोडं वाढवत.

उजवी कमान थोडी बसलेलीच आहे. शाईच्या चटईवर मधे शाई येते, पण हाड खाली आलेलं नाही आणि कातडी शाबूत आहे. नातीला रोज रात्री दोन्ही पायांचे आकडे वहीत लिहायचं काम दिलंय. दोन अंशांच्या वर फरक दोन दिवस दिसला तर चालणं बंद आणि थेट डॉक्टरांना फोन, एवढंच तिला शिकवलंय, आणि ती ते आजीवर हुकूमशहासारखं राबवते. तिच्या बापाचा मात्र अजून पूर्ण विश्वास नाही. त्याच्या मते आईला मुरगळाच होता, आणि सहा महिने प्लास्टर ठेवलं तर कुणाचाही मुरगळा बरा होईल. मी वाद घालत नाही.

मावशी आता उंच स्टुलावर बसून पोळ्या लाटतात. शेजारच्या सोसायटीतले काही जण नाराज आहेत म्हणे. सुनेच्या पोळ्या जाड असायच्या, दोनात पोट भरायचं, आता परत तीन घ्याव्या लागतात.